८७ चा आकडा आणि हरलेला इथर: ४ डिसेंबर २०२४ च्या ‘अल्टकॉइन सीझन’चे प्रकरण

४ डिसेंबर २०२४ च्या रात्री माझ्या मावसभावाने व्हॉट्सअॅपवर एक स्क्रीनशॉट पाठवला. बिटकॉइन सोडून बाकीच्या पर्यायी क्रिप्टो नाण्यांना अल्टकॉइन म्हणतात, आणि क्रिप्टोचे भाव दाखवणाऱ्या कॉइनमार्केटकॅप या संकेतस्थळाचा अल्टकॉइन सीझन निर्देशांक ८७ वर होता. खाली त्याचा मेसेज होता, “दादा, शंभरातली ८७ नाणी बिटकॉइनच्या पुढे आहेत. आता बिटकॉइन धरून बसण्यात काय अर्थ? इथरमध्ये जाऊ का?”

सप्टेंबरमध्ये घेतलेल्या बिटकॉइनवर त्याला चांगला नफा दिसत होता आणि तो नफा आणखी वाढवावा असे त्याला वाटत होते. प्रश्न साधा होता, पण ८७ हा आकडा नक्की काय सांगतो हे मलाही त्या क्षणी धड सांगता आले नाही. मग तो आठवडाभर मी भाव उतरवून घेतले आणि शीट मांडून पाहिली. त्यातून जे दिसले ते इथे लिहितो आहे. त्या दिवसाचे हे एकच प्रकरण नीट उलगडले, तरी या निर्देशांकाची जवळजवळ सगळी दुखणी त्यात सापडतात.

आधी आकडा बनतो कसा ते पाहू. बाजारमूल्याच्या क्रमाने वरची शंभर नाणी घ्यायची. ब्लॉकचेन सेंटरचा याच जातीचा जुना निर्देशांक ५० नाणी घेतो. डॉलरला बांधलेली स्टेबलकॉइन आणि दुसऱ्या नाण्याची नुसती पावती असलेली रॅप्ड टोकन त्यातून वगळायची. मग प्रत्येक नाण्याचा गेल्या ९० दिवसांतला बदल काढायचा, तसाच बिटकॉइनचाही काढायचा आणि बिटकॉइनच्या पुढे किती गेली ते मोजायचे. ७५ किंवा जास्त टक्के नाणी पुढे असली की ‘अल्टकॉइन सीझन’, २५ किंवा कमी असली की ‘बिटकॉइन सीझन’. शीटमध्ये हे एका ओळीत बसते. D1 मध्ये बिटकॉइनचा बदल आणि D2 पासून खाली बाकीच्यांचा:

```
=COUNTIF(D2:D101,">"&D1)/COUNT(D2:D101)*100
```

या ओळीत वजन कुठेच नाही. कोण कितीने जिंकले आणि कोणाचा आकार केवढा, याची सूत्राला गरज पडत नाही. प्रत्येक नाण्याचे एकच मत आणि तेही फक्त ‘पुढे’ किंवा ‘मागे’.

आता तो दिवस. ४ डिसेंबरपासून ९० दिवस मागे गेलो की ५ सप्टेंबर येतो. त्या दिवशी बिटकॉइन ५६ हजार डॉलरच्या आसपास होता. ४ डिसेंबरला तो ९८ हजारांच्या पुढे होता आणि दुसऱ्या दिवशी त्याने पहिल्यांदा एक लाख डॉलर ओलांडले. म्हणजे तिमाहीत साधारण ७५ टक्के वाढ. ‘पुढे’ अशी नोंद व्हायची तर नाण्याला यापेक्षा जास्त वाढावे लागणार. ही उडी चांगलीच उंच आहे, तरीही ८७ नाण्यांनी ती मारली.

मग मी यादीच्या अगदी वरची चार नाणी काढली, कारण पर्यायी नाण्यांमधला बहुतेक पैसा तिथेच असतो.

इथर ५ सप्टेंबरला २,३७० डॉलरच्या आसपास होता आणि ४ डिसेंबरला ३,८४० च्या आसपास. वाढ साधारण ६२ टक्के, म्हणजे बिटकॉइनच्या मागे. बीएनबीने त्याच ४ डिसेंबरला तोवरचा विक्रमी भाव, ७९० डॉलरच्या पुढचा, दाखवला. पण सप्टेंबरच्या सुरुवातीला तो ५०० च्या आसपास होता. त्यामुळे दिवसाचा सगळ्यात वरचा भाव धरला तरी वाढ ६० टक्क्यांच्या आसपासच येते, म्हणजे हासुद्धा मागे. सोलाना १२९ वरून २३० वर गेला होता. तो बिटकॉइनच्या जवळजवळ बरोबरीत होता, इतका की भाव कोणत्या तासाचा घेतला यावर निकाल फिरू शकतो. आणि एक्सआरपी ५५ सेंटवरून २ डॉलर ३५ सेंटच्या आसपास, म्हणजे चौपटीहून वर.

हे पाहून मी थबकलो. माझा भाऊ ज्या नाण्यात जायचे म्हणत होता, तेच बिटकॉइनकडून हरलेले होते. पर्यायी नाण्यांच्या एकूण बाजारमूल्यात त्या वेळी पाव हिस्सा तरी एकट्या इथरचा होता. तो हरला तर निर्देशांकात एक मत कमी झाले, आणि शंभराव्या क्रमांकाचे नाणे जिंकले तर एक मत वाढले. दोन्ही मतांची किंमत सारखीच. सोलानाचे काठावरचे दोन-तीन टक्के आणि एक्सआरपीची चौपट हेही या मोजणीत सारखेच भरतात. ग्रामपंचायतीच्या मतदानात प्रत्येकाला एक मत हे योग्यच आहे, पण पैसा कुठे गेला हे विचारायचे असेल तर डोकी मोजून उत्तर मिळत नाही. ‘८७’ वाचून माणूस मनात म्हणतो की पर्यायी नाण्यांनी बिटकॉइनला मागे टाकले. आकडा म्हणतो एवढेच की बऱ्याच नाण्यांनी टाकले, आणि कोणत्या ते तो सांगत नाही.

शिवाय ही ८७ मते स्वतंत्रही नव्हती. ५ नोव्हेंबरला अमेरिकेत ट्रम्प निवडून आले. २१ नोव्हेंबरला अमेरिकेतला बाजार नियामक ‘सेक’चे अध्यक्ष गॅरी गेन्सलर यांनी २० जानेवारीला पद सोडणार असे जाहीर केले. अमेरिकी नियामकाची टांगती तलवार असलेली एक्सआरपी, कार्डानो यांसारखी जुनी नाणी, आणि त्यांच्यासोबत स्टेलर, हेडेराही, एकाच वाऱ्यावर उडाली. शंभर जणांना वेगवेगळे विचारून ८७ हो मिळणे वेगळे आणि एकाच बातमीवर सगळ्यांनी एकदम हात वर करणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात ती बातमी शिळी झाली की हातही एकदमच खाली येतात. ९-१० डिसेंबरला पर्यायी नाणी एका फटक्यात घसरली तेव्हा हेच दिसले.

आता खिडकीचे पाहू. मला यातली सगळ्यात फसवी गोष्ट हीच वाटते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

एक्सआरपी ५ नोव्हेंबरला ५१ सेंटच्या आसपास होता. म्हणजे ९० दिवसांच्या खिडकीतले पहिले दोन महिने तो जागचा हललाच नव्हता, उलट किंचित खाली होता. त्याच काळात बिटकॉइन ५६ हजारांवरून ६९ हजारांकडे गेला. एक्सआरपीची चौपट सगळीच्या सगळी शेवटच्या चार आठवड्यांतली. निर्देशांक मात्र ‘तिमाहीची कामगिरी’ म्हणून एक सरळ रेषा ओढतो. डावे टोक ५ सप्टेंबरला, उजवे टोक ४ डिसेंबरला, आणि मधले काहीच दिसत नाही. निर्देशांकाने ७५ ची रेषा डिसेंबरच्या तोंडावर ओलांडली, तोवर एक्सआरपी तिपटीच्या पुढे निघून गेला होता. म्हणजे पाऊस पडून ओढ्याला पूर आल्यावर मिळालेला हा पावसाचा इशारा होता.

खिडकीची रुंदी बदलली की निकाल कसा उलटतो ते इथरवरच पाहा. दिवस तोच, ४ डिसेंबर. फक्त मागे ९० ऐवजी ३० दिवस जा. ४ नोव्हेंबरला इथर २,४०० च्या आसपास होता आणि बिटकॉइन ६८ हजारांच्या थोडा खाली. तिथून इथरची वाढ साधारण ६० टक्के आणि बिटकॉइनची ४५. इथर जिंकला! ९० दिवस धरले तर हरला. वर्षभर मागे गेलो तर ४ डिसेंबर २०२३ ला इथर २,२४० आणि बिटकॉइन ४२ हजारांच्या आसपास, म्हणजे इथर पुन्हा हरला आणि या वेळी दणकून. एकाच नाण्याचे एकाच दिवशी तीन निकाल लागले. ९० दिवसच का, याला बाजारातले असे काही कारण नाही. तिमाही सोयीची असते एवढेच. ७५ ची रेषाही तशीच, एक गोल आकडा. ७४ आणि ७६ यांत बाजारात काडीचा फरक नसतो, पण पाटीवरचे नाव बदलते.

सरकत्या खिडकीची आणखी एक खोड आहे. उजवीकडे आजचा दिवस आत येतो तेव्हा डावीकडचा जुना दिवस बाहेर पडतो. ६ सप्टेंबर २०२४ ला बिटकॉइन ५४ हजारांच्या आसपास लोळत होता. पायाचा दिवस असा खोल असला की बिटकॉइनची वाढ फुगते आणि नाण्यांना उडी उंच पडते. तो दिवस खिडकीबाहेर गेला की आज काहीही न घडता उडी बुटकी होते. त्यामुळे निर्देशांक चार अंकांनी हलला तर ते आजच्या खरेदी-विक्रीमुळे की तीन महिन्यांपूर्वीच्या एखाद्या दिवशीच्या पडझडीमुळे, हे आकड्यावरून कळत नाही. मी आता शीटमध्ये पायाच्या दिवशीचा बिटकॉइनचा भाव आणि त्याच्या आगेमागे आठवडाभराची सरासरी शेजारी शेजारी ठेवतो. दोन्हींत मोठी तफावत असली तर त्या दिवसाचे वाचन बाजूला ठेवतो.

तिसरे दुखणे यादीचे, आणि ते डोळ्यांना अजिबात दिसत नाही. वरची शंभर नाणी म्हणजे कोणत्या दिवशीची वरची शंभर? आजच्या क्रमवारीवरून यादी घेतली तर वाढलेली नाणी वाढल्यामुळेच यादीत आलेली असतात आणि पडलेली पडल्यामुळेच यादीतून गेलेली असतात. छोट्या आकड्यांत मांडतो. समजा दहाच नाण्यांची यादी आहे. तीन महिन्यांपूर्वीच्या दहांपैकी पाच बिटकॉइनच्या पुढे गेली आणि पाच मागे पडली. मागे पडलेल्यांतली दोन इतकी घसरली की अकराव्या-बाराव्या जागी गेली, आणि बाहेरची दोन उसळून आत आली. आजच्या यादीत आता सात जिंकलेली आणि तीन हरलेली. जुन्या यादीने मोजले तर ५०, आजच्या यादीने मोजले तर ७०. बाजार तोच, पण निर्देशांक वीस अंकांनी वर. आणि हे ७० कोणाच्याच खिशात नव्हते, कारण तीन महिन्यांपूर्वी ‘वरची दहा’ घेणाऱ्याकडे ती उसळलेली दोन नाणी नव्हतीच आणि बुडालेली दोन मात्र होती.

यावर उपाय अवघड नाही. खिडकीच्या पहिल्या दिवशीची यादी गोठवायची आणि तीच शेवटपर्यंत मोजायची, पडलेल्यांसकट. मात्र त्यासाठी जुन्या क्रमवारीची नोंद ठेवावी लागते. म्हणून मी दर महिन्याच्या एक तारखेला यादी उतरवून ठेवतो. नव्या नाण्यांचा प्रश्न त्यातून आपोआप सुटतो. हायपरलिक्विडचे नाणे २९ नोव्हेंबर २०२४ ला बाजारात आले आणि लगेच मोठे झाले. ४ डिसेंबरला त्याचे वय पाच दिवस. त्याचा ९० दिवसांचा बदल कुठून काढणार? वगळा म्हटले तर तो एक निर्णय, पदार्पणाच्या भावापासून मोजा म्हटले तर तो दुसरा निर्णय, आणि दोन्हींत आकडा वेगळा येतो. गोठवलेल्या यादीत ते नाणे नसतेच.

एक गोष्ट या प्रकरणात घडली नाही, पण सूत्र ती होऊ देते, म्हणून सांगून ठेवतो. समजा तिमाहीत बिटकॉइन ३० टक्के पडला आणि ऐंशी नाणी २५ टक्केच पडली. निर्देशांक ८० दाखवेल आणि पाटीवर ‘अल्टकॉइन सीझन’ लागेल. पण रुपयांत बघितले तर घरातले सगळेच तोट्यात. तुलना फक्त बिटकॉइनशी आहे, शून्याशी नाही. म्हणून मी निर्देशांकाच्या बाजूला आणखी एक आकडा मोजतो: शंभरातल्या किती नाण्यांचा बदल शून्याच्या वर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही आकडे उंच होते, त्यामुळे ही गफलत तेव्हा झाली नाही.

पुढच्या ९० दिवसांत काय झाले, ते आता सांगतो. ४ डिसेंबरनंतर ९० दिवस म्हणजे ४ मार्च २०२५. बिटकॉइन ८७ हजारांच्या आसपास, म्हणजे साधारण १२ टक्के खाली. इथर २,१७० च्या आसपास, ४३ टक्के खाली. सोलाना १४३ च्या आसपास, ३८ टक्के खाली. बीएनबीसुद्धा बिटकॉइनपेक्षा जास्त पडला. चारांतला एकटा एक्सआरपी अडीच डॉलरच्या आसपास टिकून राहिला. निर्देशांक स्वतः डिसेंबर संपता संपता पन्नाशीच्या आसपास उतरला होता आणि एप्रिलमध्ये २५ च्या खाली होता, म्हणजे पाटी उलटी झाली होती. एका प्रसंगावरून ‘८७ आला की विका’ असा नियम काढणे चूक ठरेल, आणि मी तो काढत नाही. पण ८७ हा मागच्या ९० दिवसांचा हिशोब आहे, पुढच्या ९० दिवसांबद्दल त्यात एक अक्षर नाही, हे या प्रकरणात लख्ख दिसते.

भारतात राहणाऱ्याला याची किंमत आणखी जास्त मोजावी लागते. बिटकॉइन विकून इथर घेणे म्हणजे आपल्याकडे विक्रीच. नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. शिवाय विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस, जो पुढे करातून वळता होतो. आणि सगळ्यात बोचणारे कलम म्हणजे एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षातही नेता येत नाही.

एक लाख रुपयांवर हिशोब करून दाखवतो. डॉलर-रुपयाचा फरक आणि दलाली सोडून देतो. ५ सप्टेंबरला घेतलेले एक लाखाचे बिटकॉइन ४ डिसेंबरला १,७५,००० झाले. ते विकले, १,७५० टीडीएस कापला गेला आणि १,७३,२५० चा इथर घेतला. ४ मार्चला त्याचे ९८,००० झाले. तिथे विकले तर आणखी ९८० टीडीएस, हातात ९७,०२०. आता कर. बिटकॉइनवरचा ७५,००० नफा करपात्र, त्यावर २३,४०० कर. इथरवरचा ७५ हजारांच्या आसपासचा तोटा त्यातून वजा होणार नाही. कापलेला २,७३० टीडीएस धरला तर अजून २०,६७० भरायचे. उरले ७६,३५०. दोन्ही व्यवहार मिळून खरा नफा काहीच नाही, तरी कर २३,४०० चा.

ज्याने काहीच केले नाही, त्याचे बिटकॉइन ४ मार्चला साधारण १,५४,६०० चे होते. त्या दिवशी विकून सगळा कर भरला असता तरी त्याच्याकडे १,३७,००० च्या वर राहिले असते.

निर्देशांकाच्या पानावर हा हिशोब नसतो, आणि तिथे तो असावा अशी अपेक्षाही नाही. पण इथल्या माणसासाठी नाणे बदलायचे की नाही याचा खरा उंबरठा ७५ नसून हा कर आहे. एवढा नफा अंगावर असताना जागा बदलायची तर नव्या नाण्याने बिटकॉइनला थोडेफार नव्हे, चांगले मोठे अंतर टाकायला हवे, आणि ते अंतर किती हे ज्याचे त्याने आपल्या खरेदीच्या भावावरून काढायला हवे.

हा निर्देशांक मी फेकून दिलेला नाही. तेजी चार नाण्यांत अडकली आहे की सगळीकडे पसरली आहे, एवढे तो बऱ्यापैकी सांगतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबर २०२४ मध्ये ती खरेच पसरली होती. याच काळात एकूण बाजारातला बिटकॉइनचा वाटा ६१ टक्क्यांवरून ५५ च्या आसपास आला, म्हणजे वजनाने मोजले तरी दिशा तीच होती. फरक प्रमाणाचा. ‘शंभरातली ८७’ हे ऐकायला क्रांतीसारखे वाटते आणि ‘सहा टक्क्यांचा वाटा सरकला’ हे बरेच शांत वाटते. म्हणून मी आता दोन्ही शेजारी ठेवतो. जोडीला गोठवलेल्या यादीतल्या नाण्यांनी बिटकॉइनला किती टक्क्यांनी मागे टाकले त्याचा मध्यक काढतो, ३० आणि ९० अशा दोन्ही खिडक्यांत. मध्यक शून्याच्या जरासाच वर आणि निर्देशांक ऐंशीच्या घरात असला, तर बरीच नाणी काठावर जिंकली आहेत हे लगेच कळते. दोन खिडक्यांचे निकाल उलटसुलट असले, तर धाव नुकतीची आहे किंवा संपत आली आहे. यातले कोणते, ते मात्र शीटमधून कळत नाही.

भावाला हे सगळे सांगेपर्यंत त्याने निम्मे बिटकॉइन विकून इथर घेतला होता. जुलैमध्ये विवरणपत्र भरताना आम्ही दोघे त्याच्या नाशिकच्या घरी शीट उघडून बसलो. बिटकॉइनच्या नफ्याची ओळ एका रकान्यात, इथरच्या तोट्याची ओळ दुसऱ्या रकान्यात. तो म्हणाला, “दादा, या दोन ओळींची बेरीज कुठे टाकायची?” मी त्याला तोट्याच्या ओळीपुढे शून्य लिहायला सांगितले.